मुलाच्या तोंडची गोष्ट: बोबडी नको आणि पंडितीही नको

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, शाळेच्या हस्तलिखितासाठी किंवा कथाकथनासाठी आपल्यापैकी बरेच जण गोष्टी लिहितात. त्यांतल्या पुष्कळ गोष्टी 'मी' म्हणून एखादं मूल सांगतं. पण ते मूल बहुतेक वेळा खोटं वाटतं. यात दोष शब्दांचा आहे असं आपण समजतो आणि अवघड शब्द काढून सोपे घालतो. माझ्या मते खरा दोष दुसरीकडेच असतो. त्या मुलाला काय दिसतं आणि काय कळत नाही, हे आपण आधी ठरवलेलंच नसतं.

एक उदाहरण घेऊ. पाचवीतला मुलगा आहे. घरात पैशांची अडचण आल्यामुळे बाबांनी मोटारसायकल विकली आहे. हा प्रसंग मुलगा सांगतो.

पहिली तऱ्हा अशी: "बाबांची गाली कुथे गेली? माझ्या इवल्याशा डोळ्यांत पाणी आलं." पाचवीतलं मूल असं बोलत नाही, हे तर झालंच. पण चार वर्षांच्या मुलासाठीसुद्धा हे चुकीचं आहे. 'लोटी' म्हणणाऱ्या मुलाला आपण मुद्दाम 'लोटी' म्हणून दाखवलं, तर ते चिडून म्हणतं, "लोटी नाही, लोटी!" म्हणजे बोबडेपणा आपल्या कानांना ऐकू येतो, त्याच्या मनात शब्द नीटच असतो. मग निवेदन त्याच्या मनातलं असेल तर तिथे बोबडं कशाला? आणि 'इवलेसे डोळे' हे तर आपण त्याला बाहेरून बघून म्हणतो. स्वतःचे डोळे कुणाला इवलेसे वाटतात?

दुसरी तऱ्हा: "कर्जाच्या ओझ्याखाली पिचलेल्या बाबांची अगतिकता पाहून माझ्या कोवळ्या मनावर ओरखडा उमटला." इथे तर लेखकच मुलाचा सदरा घालून उभा आहे. 'अगतिकता' काढून 'वाईट अवस्था' घातलं तरी वाक्य सुधारत नाही. कारण ओझं कर्जाचं आहे हा निष्कर्ष मोठ्या माणसाचाच राहतो.

आता हे बघा:

"आज अंगणात गाडी नव्हती. आई म्हणाली, सर्व्हिसिंगला दिलीय. पण मागच्या वेळी सर्व्हिसिंगला दिली तेव्हा हेल्मेट खुंटीवरच होतं. आज हेल्मेट पण नव्हतं. बाबा चालत आले. मी विचारलं, गाडी कधी येणार? तर त्यांनी पंखा मोठा केला. रात्री ते फोनवर म्हणत होते, हप्ता भरतो, हप्ता भरतो. हिंदीच्या तासाला हप्ता म्हणजे आठवडा. आठवडा कसा भरतात?"

यात अवघड शब्द एकही नाही, पण पोरकटपणाही नाही. मुलगा हुशार आहे, हेल्मेटचा पुरावा त्याने बरोबर पकडलाय. आई खरं सांगत नाहीये हे त्याला कळलंय, का ते कळलेलं नाही. 'हप्ता' हा मोठ्यांचा शब्द त्याने ऐकलाय आणि जवळच्या ज्ञानाला जोडलाय. ते उरलेलं अंतर वाचक भरून काढतो, आणि दुःख तिथेच पोचतं.

म्हणून प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारावा: हे त्याला कुठून कळलं? पाहिलं, ऐकलं, शाळेत शिकवलं, स्वतः अंदाज केला, यांपैकी उत्तर मिळालं तर वाक्य ठेवा. 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्दही पाचवीतल्या मुलाच्या तोंडी चालेल, कारण तो पुस्तकात आहे. 'अगतिकता' मात्र त्याने कुठेतरी ऐकलेली असावी लागेल. उलट टोकही सांभाळावं. सगळं घर गप्प असताना मुलाला काहीच जाणवत नाही असं दाखवलं, तर तो निरागस नाही, मठ्ठ वाटतो.

कुणी म्हणेल, 'श्यामची आई'त श्याम केवढं समजून बोलतो! पण तिथे मोठा झालेला श्याम रात्री मित्रांना आठवणी सांगतोय. त्याला मागे वळून अर्थ लावायचा अधिकार आहे. प्रकाश नारायण संतांचा लंपन तसा नाही. 'वनवास'मध्ये तो मुलगा म्हणूनच सांगतो, त्याच्या बोलण्यात त्या सीमाभागाची भाषा येते आणि त्याचे स्वतःचे प्रचंड आकडेही येतात. दोन्ही रीती योग्य आहेत. पण आपण कोणती घेतलीय हे ठरवा, आणि मध्येच बदलू नका.

हा खोटा आवाज आपल्यात येतो कुठून? मला वाटतं, आपल्याच लाल पेनातून. मूल निबंधात लिहितं, "आजी गेली तेव्हा तिचा चष्मा फ्रिजवर होता." आपण ते खोडतो आणि वर लिहितो, "आजीच्या निधनाने आमच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला." गुण डोंगराला मिळतात. मूल पुढच्या वेळी चष्मा लिहीत नाही. शुद्धलेखन जरूर तपासा, पण तो चष्मा तिथेच राहू द्या. मुलाच्या आवाजात कसं लिहायचं, ते आपल्याला शिकवणारी वाक्यं त्याच वह्यांत आहेत.