मधला ‘कारण’

दिवाळीच्या पहाटे गारवा जाणवू लागला की थंडीच्या कारणाची चर्चा निघते आणि कुणीतरी हमखास सांगतो, हिवाळ्यात पृथ्वी सूर्यापासून लांब जाते. परीक्षेतल्या ‘विधान आणि कारण’ या प्रश्नात हेच दोन ओळींत विचारतात. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे थंडी असते, हे विधान खरे. कारण मात्र साफ खोटे, कारण जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असते. जुलैत ते अंतर १५.२ कोटी होते. खरी ओळ शेजारच्या खोट्या ओळीला जामीन राहते, म्हणून एकीवर हात ठेवूनच दुसरी वाचावी.

दोन्ही ओळी खऱ्या निघाल्या की खरी पंचाईत सुरू होते. विधान : मे महिन्यात महाबळेश्वर पुण्यापेक्षा थंड असते. कारण : महाबळेश्वरला पुण्याच्या कितीतरी पट पाऊस पडतो. दोन्ही निर्विवाद. शिकवण्यांमध्ये युक्ती सांगतात, मध्ये ‘कारण’ घालून वाक्य वाचा, जुळले तर पहिला पर्याय : दोन्ही खरी आणि कारण हेच विधानाचे स्पष्टीकरण. पण हे वाक्य तर छान जुळते! कानाला व्याकरण कळते, कार्यकारणभाव कळत नाही. त्यासाठी कारण एकदा काढून आणि एकदा एकटे ठेवून पाहावे लागते. लेहमध्ये वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस, तरी मे महिन्यात थंडी. चंद्रपूरला पुण्यापेक्षा जास्त पाऊस, तरी मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. म्हणजे पावसाविना गारवा असतो आणि पाऊस असून नसतोही. उंची धरून पाहिली तर हिशेब लागतो : महाबळेश्वर पुण्याहून सुमारे ८०० मीटर उंच, आणि दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंश उतरते, म्हणजे पाच अंशांचा फरक. पाऊसही मुख्यतः सह्याद्रीच्या त्याच चढामुळे, ढग वर ढकलले गेल्यामुळे पडतो. गारवा आणि पाऊस ही एकाच डोंगराची दोन लेकरे. एक दुसऱ्याचा बाप नव्हे. उत्तर दुसरा पर्याय : दोन्ही खरी, पण कारण विधानाचे स्पष्टीकरण नाही.

यावर कुणी म्हणेल, पावसामुळे दाट झाडी, झाडीमुळे सावली, मग पावसाचा वाटा नाही कसा? वाटा आहे, थोडासा. पण प्रश्न वाट्याचा नसून स्पष्टीकरणाचा आहे, आणि पाच अंशांचा हिशेब झाडी न धरताही जवळजवळ पुरा होतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : असे प्रश्न विद्यार्थ्याला विषयापेक्षा शब्दांत अडकवतात. ते पुष्कळदा खरेही असते, आणि तेव्हा चूक प्रश्न काढणाऱ्याची. वरच्याच विधानात ‘मे’च्या जागी ‘जुलै’ घालून पाहा. ढगांनी ऊन अडवलेले, दिवसभर संततधार. आता दुपारच्या गारव्यात पावसाचा हात नाही असे छातीठोकपणे सांगता येणार नाही, आणि महिनाच लिहिला नसेल तर पहिला पर्याय निवडणाऱ्या मुलाचे गुण कापण्याचा अधिकार परीक्षकाला उरत नाही.