करवंदाची जेली: अर्धकच्च्या फळाची करामत

मे महिन्यात त्र्यंबक, हरसूल आणि पेठकडच्या डोंगरांतून करवंदांच्या पाट्या नाशकात येतात. बायका पानांच्या द्रोणांत ती विकतात. पिकलेले करवंद दोन दिवसांत मऊ पडते आणि उरलेला माल वाया जातो. भगिनींनो, याच करवंदाची जेली घरच्या शेगडीवर होते. बाजारातल्या काही गोड पदार्थांत जिलेटिन असते आणि ते कशाचे, हा प्रश्न आपल्या घरांत पडतोच. करवंदाला मात्र त्याची गरज नाही. त्यातले पेक्टिनच रस घट्ट करते.

गेल्या हंगामात आम्ही पहिल्यांदा काळीभोर, गोड करवंदे घेतली. तासभर आटवूनही पाकच राहिला. कारण उशिरा कळले: फळ पूर्ण पिकले की पेक्टिन कमी होते. दुसऱ्या वेळी एक किलोत तीन भाग लालसर, अर्धकच्ची आणि एक भाग काळी करवंदे घेतली. काळी फक्त रंगासाठी.

हाताला तेल लावून देठ काढले, नाहीतर चीक चिकटतो. फळे धुऊन, ठेचून, स्टीलच्या पातेल्यात ती बुडतील एवढे पाणी घालून वीस-पंचवीस मिनिटे मंद आचेवर शिजवली. रस इतका आंबट असतो की अ‍ॅल्युमिनियम किंवा पितळेचे भांडे चालत नाही. मग ओल्या पातळ फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवली. पिळली नाहीत, कारण पिळले की जेली गढूळ होते.

चार कप रस निघाला. त्यात तीन कप साखर विरघळवून मोठ्या आचेवर उकळला आणि वरचा फेस काढत राहिलो. थंड केलेल्या बशीवर एक थेंब टाकून मिनिटभराने बोटाने ढकलला. सुरकुती पडली की आच लगेच बंद करायची. त्यापुढे उकळले तर जेली चिवट होते. आम्हाला सुमारे 900 ग्रॅम जेली मिळाली. उकळत्या पाण्यात ठेवून कोरड्या केलेल्या काचेच्या बाटल्यांत ती गरमच भरली. बाटलीत थेंबभर पाणी राहिले तरी बुरशी धरते.

जेली दुसऱ्या दिवशीही पातळ असेल तर फेकू नका. अर्धकच्च्या करवंदांचा कपभर रस घालून पुन्हा उकळा.

विकायचा विचार असेल तर आधी अन्नसुरक्षा नोंदणी करा आणि बाटलीवर घटक व तारीख लिहा. हंगाम फार तर सहा आठवड्यांचा. पहिला पाऊस पडला की फळ पाणचट होते, म्हणून वर्षभराच्या बाटल्या मे महिन्यातच भरून ठेवा.