‘चक्कर येते’ म्हणजे नेमकं काय होतं?

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी विद्यार्थी वॉर्डात येऊ लागतात आणि रुग्णाची हकीकत घ्यायला शिकतात. त्यातली पहिली ओळ असते मुख्य तक्रारीची. ती रुग्णाच्याच शब्दांत आणि किती दिवसांपासून आहे यासकट लिहायची. तिथे आजाराचं नाव लिहू नये, असं माझं ठाम मत आहे. एकदा नाव लिहिलं की पुढचे सगळे प्रश्न त्या नावामागे धावतात.

समजा, सोलापुरातल्या साठीच्या विडी कामगार बाई आल्या. “चक्कर येते, आठ दिवस झाले.” विद्यार्थ्याने लगेच ‘व्हर्टिगो’ लिहिलं, तर तो कानाच्या आजाराकडे वळला. पण आपल्याकडे ‘चक्कर’ या एका शब्दात तीन गोष्टी येतात: घर गरगर फिरणं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणं आणि चालताना तोल जाणं. तिन्हींची कारणं वेगळी. म्हणून पुढचा प्रश्न: “मावशी, चक्कर हा शब्द न वापरता सांगा, काय होतं?”

“विड्या वळून उठले की अंधारी येते. बसलं की बरं वाटतं.”

आता दिशा बदलली. उभं राहिल्यावर मेंदूला रक्त कमी पडतंय. मग क्रमाने विचारायचं: सुरुवात कशी झाली, वाढत चाललंय का, सोबत काय होतं? दम लागतो, छातीत धडधडतं. छातीत दुखत नाही, ताप नाही, उलट्या-जुलाब नाहीत. हे ‘नाही’ही लिहायचं, कारण त्यातूनच इतर शक्यता मागे पडतात.

जुने आजार विचारले: बीपी नाही, शुगर नाही. “औषधं?” “काही नाही.” इथे बहुतेक विद्यार्थी पुढे सरकतात. दुकानातून आणलेल्या गोळीला आपल्याकडे कुणी औषध म्हणत नाही. म्हणून वेगळं विचारावं लागतं: “गुडघे दुखतात तेव्हा काय घेता?”

“ती होय! महिनाभर रोज दोन घेते. बऱ्याचदा उपाशीपोटीच.”

वेदनाशामक गोळ्यांनी जठरात जखम होऊन आतल्या आत रक्त झिरपू शकतं, पोट न दुखताही. मग लाजेमुळे राहून जाणारा प्रश्न: “शौचाचा रंग कसा आहे?” डांबरासारखी काळी, चिकट, दहा दिवसांपासून. चक्कर आठ दिवसांची, त्याआधी दोन दिवस काळी शौच, त्याआधी गोळ्या. तारखा ओळीने मांडल्या की साखळी दिसते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तेही विचारून घ्यावं.

कौटुंबिक माहिती, तंबाखू, कामाचे तास हे सगळं राहिलंय, पण इथे ते थांबू शकतं. अशा रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात ठेवावं लागतं. नाडी, आडवं झोपवून आणि उभं करून बीपी, हिमोग्लोबिन तपासायचं. रक्तस्राव नक्की कुठून होतोय, हे मात्र दुर्बिणीनेच कळेल.