जाहीर आभार आणि 'ज्ञात-अज्ञात हात'

संपादक महाशय,


वर्गणी जमवून एखादे कार्य सिद्धीस नेल्यावर संस्था जी आभारपत्रके आपल्या वृत्तपत्रात प्रसिद्ध करतात, त्यांतील संस्थेचे नाव झाकले असता ते कार्य देवळाच्या जीर्णोद्धाराचे होते की रुग्णाच्या शस्त्रक्रियेचे, हे ओळखता येऊ नये, ही खेदाची गोष्ट आहे. 'ज्या ज्ञात-अज्ञात हातांनी तन-मन-धनाने साहाय्य केले, त्यांच्या ऋणातच राहणे आम्ही पसंत करतो' हे वाक्य आमच्या वाचनालयाच्या छपराच्या दुरुस्तीनंतर सिद्ध झालेल्या मसुद्यातही होतेच; आणि ते बदलावे असे मी सुचविताच, कोणाचे नाव राहून रुसवा होण्यापेक्षा सर्वांना सामावणारे वाक्य बरे, असा आक्षेप कार्यकारी मंडळात निघाला.

आक्षेप वजनदार आहे. परंतु त्यावरचा उपाय संदिग्धता नव्हे. पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती रोजकीर्दीशी ताडून, गुप्तदान करणाऱ्यांची नावे वगळून, उरलेली नावे रकमेशिवाय वर्णानुक्रमे लावली, म्हणजे शंभर रुपये देणारा 'इत्यादी'मध्ये लोटला जात नाही. रकमेचा दाखला पावतीने दिलेलाच असतो. आभारपत्राने सांगावयाचे ते, त्या रकमेचे पुढे काय झाले, हे.

म्हणून आम्ही लिहिले: 'आपल्या देणगीतून पश्चिमेकडच्या उताराचे कुजलेले वासे बदलले व फुटकी कौले काढून नवी घातली. ज्या कपाटांवर दर पावसाळ्यात ताडपत्री पांघरावी लागे, ती यंदाच्या आषाढात उघडी राहिली. ग्रंथ शाळेत हलविताना विद्यार्थ्यांनी दाखल क्रमांकानुसार गठ्ठे बांधले, त्यामुळे ते परत लावताना एकही शोधावा लागला नाही. संकल्प 2,00,000 रुपयांचा होता, 1,64,000 जमले, पूर्वेकडची पडवी राहिली आहे.'

या शेवटच्या वाक्यापुढे 'तरी दात्यांनी पुनश्च सढळ हात द्यावा' अशी पुस्ती जोडण्याचा मोह खजिनदारांना झाला, आणि माझा सर्वांत मोठा विरोध त्यालाच होता. तूट लपवू नये, कारण ज्याने पैसे दिले त्याला हिशेब कळण्याचा हक्क आहे. परंतु त्याच कागदावर नवी याचना आली की वरचे सारे आभार तिची प्रस्तावना ठरतात, आणि वाचणाऱ्यास ते तत्काळ उमगते. पडवीसाठी निराळे विनंतिपत्र यथावकाश काढता येईल. त्याचप्रमाणे जे काम अद्याप व्हावयाचे आहे ते झाल्यासारखे लिहू नये. गावातला मनुष्य मान वर करून छप्पर पाहू शकतो.

आता आपणास एक विनंती. 'जाहीर आभार' या सदराचा आकार ओळींवर असल्यामुळे लहान संस्था स्वस्तातले ठरीव वाक्य पत्करतात, हे मी जवळून पाहिले आहे. सार्वजनिक वर्गणीच्या आभारपत्रकांपुरता हा दर निम्मा करण्याचा आपण विचार करावा.

आपला नम्र,
एक वाचनालय-सभासद