फाटकापासून फ्लॅटपर्यंत

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे अडीच वाजले असतील. आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या फाटकाशी दुचाकी लावून एक तरुण घाम पुसत उभा होता. पाठीवर जेवणाची मोठी पिशवी आणि कानाला फोन. पत्ता होता 'बी 204'. पहारेकऱ्याने त्याला बी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर पाठवले होते. तिथल्या बाईंनी 'आम्ही काही मागवलेलं नाही' असे सांगून दार लावून घेतले. मागवणाऱ्याचा फोन लागत नव्हता. "काका, इथे बी किती आहेत?" त्याने मला विचारले.

प्रश्न अगदी नेमका होता. आमच्याकडे बी-1 आणि बी-2 अशा दोन इमारती आहेत. मागवणाऱ्याने लिहिले होते बी-2 मधला तळमजल्यावरचा चार नंबरचा फ्लॅट. फक्त मधली रेघ गाळली होती. "अरे, आधी पाणी घे," म्हणून मी केबिनमधल्या माठातले पाणी त्याला दिले आणि बी-2 च्या जिन्यापर्यंत सोबत गेलो. त्याआधी नकाशाने त्याला मागच्या फाटकाशी नेले होते, जे आम्ही दुपारी बंद ठेवतो. या साऱ्यात त्याची अकरा मिनिटे गेली होती.

ही अकरा मिनिटे कोणाची? मागवणाऱ्याला जेवण उशिरा मिळाले, एवढेच. पोरांना मात्र पैसे मिळतात ते साधारणपणे पोहोचवलेल्या ऑर्डरमागे; फाटकाशी ताटकळण्याचा मोबदला बहुधा नसतोच, किंवा असला तर नाममात्र. एखाद्याने दिवसात पंधरा सोसायट्या केल्या आणि प्रत्येक ठिकाणी पाचच मिनिटे जास्त गेली, तरी सव्वा तास होतो. तो सव्वा तास भरून काढायचा तर रस्त्यावर गाडी पळवायची, सिग्नल तोडायचा. 'ही पोरं फार बेफाम चालवतात' अशी तक्रार आपणच करतो. त्या घाईचा एक धागा आपल्या फाटकाशी बांधलेला आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही.

पहारेकऱ्याला दोष देणे सोपे आहे. तो स्वतः एजन्सीचा बारा तासांचा माणूस, बरेचदा महिन्यापूर्वीच आलेला. वहीत नाव, गाडीचा नंबर आणि सही घ्यायची, घरी फोन लावून परवानगी मिळवायची, एवढेच त्याला शिकवलेले असते. आत कुठे काय आहे, हे त्याला कोणी दाखवलेलेच नसते.

देशात कायद्याची हालचाल झाली आहे, नाही असे नाही. राजस्थानने 2023 मध्ये अशा कामगारांसाठी पहिला स्वतंत्र कायदा केला. केंद्राची 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तीत कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या सुरक्षेसाठी द्यावी, अशी तरतूद आहे. परंतु फाटकाशी गेलेली मिनिटे कोणत्याही निधीतून परत मिळत नाहीत. ती वाचवणे आपल्याच हाती आहे.

आम्ही चार गोष्टी केल्या. फाटकावर इमारतींचा साधा नकाशा रंगवून घेतला. सभासदांना पत्त्यात 'बी-2, तळमजला, फ्लॅट 4, पुढचे फाटक' असे पूर्ण लिहायला आणि नकाशावरची खूण पुढच्या फाटकावर सरकवायला सांगितले. नव्या पहारेकऱ्याला पहिल्या दिवशी सगळे जिने फिरवून दाखवू लागलो. आणि माठ केबिनबाहेर आणून ठेवला.

गंमत म्हणजे, बैठकीत वाद झाला तो शेवटच्या गोष्टीवरच. 'त्यांचे पेले वेगळे ठेवा,' असे एका सभासदाने सुचवले. ज्या महाराष्ट्रात 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, तिथे ही सूचना किती जुनी आहे, हे त्यांना सांगावे लागले. आपल्या घरी उन्हातून आलेल्याला गूळपाणी देण्याची रीत होती, हेही खरे. पण ते कोणाला ओसरीवर मिळे आणि कोणाला अंगणातच वरून ओतून, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. अखेर पेले एकच ठेवायचे ठरले. पहारेकरी, पोस्टमन, सभासद, सगळ्यांना तेच.

पाण्याने कोणाची मिळकत वाढत नाही, हे मी जाणतो. पण तो तरुण परवा पुन्हा आला होता. वहीत सही केली, पाणी प्यायला, नकाशावर एक नजर टाकली आणि कोणालाही न विचारता बी-2 कडे वळला. मी घड्याळ पाहिले. चार मिनिटांत तो फाटकाबाहेर होता, आणि गाडी सावकाश चालवत गेला.