विश्लेषण : ‘मोअरओव्हर’ लिहिल्याने गुण का वाढत नाहीत?

परदेशी शिक्षणासाठी आयईएलटीएस देणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या वहीत जोडशब्दांची एक पाठ केलेली यादी असते. फर्स्टली, मोअरओव्हर, ऑन द अदर हँड, इन कन्क्लूजन. प्रत्येक वाक्याच्या तोंडी यातला एक शब्द लावला की निबंध ‘बांधेसूद’ होतो, असा समज आहे. परीक्षकांचे निकष मात्र नेमके उलटे सांगतात.

परीक्षक काय पाहतात?

लेखनाच्या चाचणीत दोन प्रश्नांसाठी मिळून ६० मिनिटे असतात. दुसरा प्रश्न म्हणजे किमान २५० शब्दांचा निबंध. त्याला पहिल्या प्रश्नाच्या दुप्पट वजन असल्याने ४० मिनिटे त्यासाठी राखायची असतात. निबंधाचे गुण चार निकषांत समान वाटलेले आहेत : प्रश्नाला दिलेले उत्तर, मांडणीतील सुसंगती, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. जोडशब्द आणि परिच्छेद सुसंगतीच्या निकषात मोडतात. पाचव्या बँडच्या वर्णनात जोडशब्दांचा अतिवापर हा दोष म्हणून नोंदवला आहे, सहाव्यात यांत्रिक जोडणीचा उल्लेख येतो. आणि नवव्या बँडची खूण अशी, की जोडणीकडे वाचकाचे लक्ष क्वचितच जाते. म्हणजे यादी जितकी ठळक दिसेल, तितका निबंध वरच्या बँडपासून दूर.

चूक कशी होते?

‘मोठ्या शहरांच्या मध्यभागी खासगी गाड्यांना बंदी घालावी. तुम्ही कितपत सहमत आहात?’ असा प्रश्न आहे असे समजू. एखादा विद्यार्थी इंग्रजीत जे लिहितो त्याचा आशय असा : ‘गाड्यांमुळे हवा दूषित होते. मोअरओव्हर, बससेवा सुधारली पाहिजे. ऑन द अदर हँड, कोंडीत लोकांचा वेळ जातो. देअरफोर, बंदी योग्य आहे.’

चार वाक्यांत तीन जोडशब्द आहेत, पण एकही नाते खरे नाही. बससेवा हा हवेच्या मुद्द्यात भर घालणारा मुद्दा नव्हे, तो वेगळाच विषय आहे. कोंडी हा तर बंदीच्याच बाजूचा युक्तिवाद. तिथे विरोध दाखवणारा शब्दप्रयोग आला, कारण मराठीतले ‘दुसरी गोष्ट म्हणजे’ डोक्यात होते. आणि शेवटचा ‘म्हणून’ कशाचाही निष्कर्ष नाही.

हाच परिच्छेद एका मुद्द्यावर उभा करून पाहावा : ‘बंदीचा सर्वांत मोठा फायदा रस्त्यावरच्या जागेचा आहे. गाडीत अनेकदा एकच माणूस बसलेला असतो, तरी ती पूर्ण गाडीची जागा अडवते. हीच जागा बसला दिली, तर तेवढ्याच रस्त्यावरून कितीतरी जास्त लोक जातील.’ इथे ‘हीच जागा’ हे दोन शब्द जोडणीचे काम करतात, आणि ते कोणत्याही यादीत सापडत नाहीत. अपंग व्यक्तींचे काय, हा आक्षेप पुढच्या परिच्छेदात घ्यावा. तिथे ‘हाउएव्हर’ शोभतो, कारण आता विचार खरोखर वळतो.

परीक्षा सोपी आहे : सराव करताना परिच्छेदातले सगळे जोडशब्द पेन्सिलीने खोडावेत. नाते तरीही कळत असेल तर बांधणी पक्की. वाक्यांची अदलाबदल करूनही फरक पडत नसेल, तर तो परिच्छेद नाही, नुसती यादी आहे.

मराठीची सवय कुठे नडते?

मराठीत ‘जरी’ आला की ‘तरी’ हवाच. त्यामुळे ‘ऑल्दो’ने सुरू केलेल्या वाक्यात मधेच ‘बट’ येतो. इंग्रजीत दोहोंपैकी एकच चालतो. तसेच ‘कारण’ने मराठीत नवे वाक्य बिनदिक्कत सुरू होते. इंग्रजी निबंधात ‘बिकॉज’पासून पूर्णविरामापर्यंत फक्त कारणच असेल, तर ते वाक्य अपुरे ठरते. या चुका सुसंगतीबरोबर व्याकरणाचेही गुण खातात, आणि शिकवणी वर्गांत यादी वाटताना याच गोष्टी राहून जातात.

४० मिनिटे कशी वापरावीत?

पहिली पाच मिनिटे लिहूच नये. आपली भूमिका एका ओळीत आणि मधल्या दोन परिच्छेदांचे दोन मुद्दे एकेका वाक्यात टिपावेत. मुद्दा एका वाक्यात मावत नसेल, तर तो दोन परिच्छेदांचा ऐवज आहे किंवा अजून सुचलेलाच नाही. पुढची साधारण ३० मिनिटे लेखनाला द्यावीत : दोन-तीन वाक्यांची प्रस्तावना, दोन भरीव परिच्छेद, छोटा समारोप. वेळ संपत आली तर दुसरा परिच्छेद आखडता घ्यावा, पण समारोप सोडू नये. आणि त्यात नवा मुद्दा आणू नये. संगणकावरील चाचणीत शब्दसंख्या पडद्यावर दिसते, त्यामुळे मोजणीचा वेळ वाचतो. उरलेल्या पाच मिनिटांत आधी प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य वाचावे, मग ‘ऑल्दो’ आणि ‘बिकॉज’ कुठे आले आहेत ते शोधावे.