लगोरी फोडणाऱ्यानेच रचायची

लगोरीला सात चपट्या ठिकऱ्या आणि एक रबरी चेंडू लागतो, बस्स. फुटक्या फरशीचे तुकडेही चालतात. कडा मात्र दगडावर घासून बोथट करून घ्या. मोठी ठिकरी खाली, लहान वर, अशी उतरंड रचायची.

नवखा मुलगा सगळा जोर लावून चेंडू मारतो. सातही ठिकऱ्या पांगतात, टाळ्या पडतात आणि मग त्याच्या गड्यांची त्रेधा उडते, कारण फोडलेली लगोरी त्यांनाच परत रचायची असते, तीही समोरच्यांच्या चेंडूचा मार चुकवत. महिनाभर खेळलेलं पोर वरच्या दोन-तीन ठिकऱ्यांवरच नेम धरतं. आवश्यक तेवढंच मोडायचं, हे आमच्या वाड्यातल्या मुलांना कुणीही सांगितलं नव्हतं.

समजा, तीन ठिकऱ्या पडल्या. त्या रचायला उकिडवं बसावं लागतं आणि पाठ उघडी पडते. अशा वेळी एक गडी मुद्दाम चेंडूवाल्याच्या जवळ जाऊन त्याला खिजवतो. तो चिडून चेंडू मारतो, नेम चुकतो, चेंडू पार कुंपणापर्यंत जातो. तेवढ्यात दोन ठिकऱ्या चढतात. तिसरी ठेवून ‘लगोरी!’ ओरडणारा सगळ्यांच्या लक्षात राहतो. खिजवणारा कधी कधी पाठीवर चेंडू खाऊन बाद झालेला असतो, तरी डाव त्याच्यामुळेच जिंकलेला असतो आणि त्याच्या गड्यांना ते पक्कं ठाऊक असतं.

गडी वाटतानाही हीच समज दिसे. साधारण सारख्या ताकदीची दोन मुलं जोडी करून येत आणि एकेक गडी एकेका बाजूला जाई. धाकटं भावंड मागे लागलं तर ते ‘कच्चा लिंबू’. त्याने पळायचं, ओरडायचं, पण त्याला बाद करायचं नाही. वाद मिटवण्याचीही रीत होती. विटी-दांडूत विटी किती लांब गेली यावर वाद झाला, तर दांडूने जमीन मोजायची आणि निघेल तो आकडा मानायचा. लगोरीत चेंडू सदऱ्याला लागला की नाही, हे मात्र मोजता येत नसे. मग भांडण होई, खेळ थांबे आणि खेळायचं असल्यामुळेच कुणीतरी माघार घेई.

सगळंच चांगलं होतं असं नाही. विटी डोळ्याला लागून कायमची इजा होऊ शकते, म्हणून विटी-दांडू मोकळ्या मैदानातच खेळू द्या आणि बघणाऱ्यांना लांब उभं करा. शिवाय या खेळात मुलींना अनेकदा घेत नसत. आता तसं करू नका.

पालकांना एकच विनंती आहे. ठिकऱ्या जमवून द्या, सोसायटीतल्या गाड्या थोडा वेळ बाजूला घ्या, पण पंच होऊ नका. मुलं भांडू लागली की पाय तिकडे ओढले जातील, तरी गच्चीतच थांबा. त्यांचा निकाल त्यांना लावू द्या.